‘नैसर्गिक’ म्हणजे नेमकं काय झालं होतं?

दाजींच्या विमा अर्जाची प्रत मी पहिल्यांदा वाचली ती ते गेल्यानंतर दोन महिन्यांनी. अक्काच्या घरी, ओसरीवर बसून. पंचवीस लाखांची मुदत विम्याची पॉलिसी होती. अर्जातल्या आरोग्याच्या प्रश्नांपुढे खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ अशी उभी ओळ होती. वडिलांच्या रकान्यात ‘हयात नाहीत, वय अंदाजे ६०, कारण : नैसर्गिक’ असं लिहिलेलं होतं. सध्याची प्रकृती कशी, याला उत्तर ‘चांगली’. खाली दाजींची सही.

अक्काचे सासरे ५१ व्या वर्षी शेतात छातीत कळ येऊन गेले होते, हे आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत होतं. दाजींनी ते लपवायचं म्हणून लपवलं असेल असं मला आजही वाटत नाही. एजंटनं विचारलं असेल, "वडील कशानं गेले?" आणि दाजी म्हणाले असतील, "गेले आपले." आपल्याकडं माणूस कुठल्या अपघातात किंवा विष पिऊन गेला नाही, तर तो ‘नैसर्गिक’च गेला असं धरतात. पण अर्जाला ते विचारायचं नसतं. कोणत्या आजारानं आणि कितव्या वर्षी, एवढंच त्याला हवं असतं, कारण आई-वडील, भाऊ-बहिणी यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कॅन्सर असं काही झालं असेल तर विमा देणारा माणूस पुढचे प्रश्न वेगळ्या नजरेनं बघतो.

पॉलिसी सुरू होऊन एकोणीस महिने झाले आणि दाजी हृदयविकारानं गेले. वय होतं ४६.

तीन वर्षांच्या आतला दावा म्हटला की कंपनी चौकशी करतेच. त्यांचा माणूस आला तो आधी अक्काकडं आलाच नाही. तो गेला तालुक्याच्या एका दवाखान्यात, मग तिथल्या मेडिकलवर, मग जिथं शेवटी नेलं होतं त्या दवाखान्यात. तीन ठिकाणांहून तीन कागद निघाले. मेडिकलच्या नोंदीत दाजींच्या नावानं बीपीची गोळी होती, पॉलिसीच्या साधारण वर्षभर आधीपासूनची, तीही मध्येमध्ये महिना-दोन महिने खंड पडलेली. तालुक्याच्या त्या दवाखान्यात पॉलिसीच्या सहा महिने आधीचा ईसीजी होता. पोती उचलताना छातीत जड वाटलं म्हणून दाजी गेले होते. डॉक्टरांनी लातूरला जाऊन ताणचाचणी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी, करून घ्या असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. सोयाबीनची काढणी होती. दाजी गेले नाहीत. त्यानंतर त्रास झाला नाही म्हणून ती गोष्ट त्यांच्या लेखी संपली होती.

तिसरा कागद होता शेवटच्या रात्रीचा, दवाखान्यातला. दाखल करताना तिथल्या डॉक्टरनं अक्काला विचारलं, "बीपी आहे का? कधीपासून?" रात्रीचे दोन वाजलेले, नवरा स्ट्रेचरवर. अक्का म्हणाली, "हाय की, लई दिवस झाले, पाच-सहा वर्सं झाली असतील." डॉक्टरनं तेच लिहिलं : बीपी पाच ते सहा वर्षांपासून, गोळ्या अनियमित. खरं गणित अडीच वर्षांचं होतं. पण केसपेपरवर आलेलं वाक्य मागं घेता येत नाही.

दावा नाकारल्याचं पत्र आलं. विमा कायद्याचं ४५ वं कलम लावलेलं होतं. हे कलम मी त्या काळात इतक्यांदा वाचलं की मला आता ते जवळजवळ पाठ आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ असा : जीवन विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कुठल्याही कारणानं तिच्यावर बोट ठेवता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवणं, या कारणांवर ठेवता येतं. फसवणूक म्हटलं नसेल, नुसतं माहिती चुकीची दिली म्हटलं असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत द्यावे लागतात. दाजींच्या बाबतीत कंपनीनं फसवणुकीचा आरोप केला नाही. दोन हप्त्यांचे २२,६०० रुपये आले. पंचवीस लाखांच्या जागी.

त्याच कलमात एक स्पष्टीकरण आहे आणि आमची सगळी आशा त्यावर होती. दडवलेल्या गोष्टीचा कंपनीनं उचललेल्या जोखमीशी थेट संबंध पाहिजे, आणि ती गोष्ट माहीत असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे. मी अक्काला म्हणालो, "साध्या बीपीवाल्यांना कंपन्या पॉलिसी देतात, थोडा हप्ता वाढवून देतात. मग दिलीच नसती असं कसं म्हणतात?" कंपनीकडं तक्रार केली. महिन्यात समाधानकारक उत्तर आलं नाही म्हणून पुण्याच्या विमा लोकपालांकडं गेलो. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

सुनावणीत कंपनीनं जे सांगितलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते म्हणाले, नुसतं बीपी असतं तर हप्ता वाढवून पॉलिसी दिली असती. नुसते वडील लवकर गेले असते तरी तपासण्या करून दिली असती. पण वडील ५१ व्या वर्षी हृदयविकारानं गेलेले, स्वतःला बीपी आणि गोळ्या खंडित, वरून छातीत जडपणा आणि डॉक्टरनं सांगितलेली ताणचाचणी न केलेली, हे तिन्ही एकत्र समोर असतं तर चाचणीचा निकाल येईपर्यंत आम्ही अर्ज थांबवला असता. त्यांनी आपल्या जोखीम तपासणीच्या नियमांची पानं दाखवली. लोकपालांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं. अक्का खाली मान घालून बसली होती. येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "त्यांनी विचारलं असतं ना रे, तर ह्यांनी सांगितलं असतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, कारण त्याच वर्षी मला स्वतःला अर्ज भरायचा होता. वय ४२, लातूरच्या मोंढ्यात आडत, घरात दोन लेकरं. आणि माझ्याकडंही तिन्ही गोष्टी होत्या : वडील लवकर गेलेले, रोजची बीपीची गोळी, आणि एका रात्रीची छातीची जळजळ.

एजंट ओळखीचा, दुकानात येऊन बसणारा. त्यानं टॅब काढला आणि भराभर टिकल्या मारायला लागला. मी म्हणालो, थांबा, मला बीपीची गोळी चालू आहे. तो म्हणाला, "कशाला लिहायलाव मालक? गोळी चालूय म्हणजे बीपी नॉर्मलच हाय की. तपासलं तरी नॉर्मलच येतंय." त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण हीच ती चूक आहे जी आपल्याकडं सगळ्यात जास्त होते. अर्ज हे विचारत नाही की आज तुमचं बीपी वाढलेलं आहे का. तो विचारतो की तुम्हाला हा आजार कधी सांगितला गेला का, त्यासाठी उपचार घेतले का, आत्ता घेताय का. गोळीमुळं १२०/८० आलं तरी उत्तर ‘हो’च राहतं. थायरॉईडची सकाळची गोळी, रक्त पातळ राहायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी, वैद्यांचा काढा, सगळं याच प्रश्नात येतं. आमच्याकडं गावातले डॉक्टर गोळ्या कागदाच्या पुडीत देतात, चिठ्ठी नसते, नाव माहीत नसतं. नाव माहीत नाही म्हणून माणूस ती गोळी मोजतच नाही.

मी त्याला टॅब ठेवायला सांगितला आणि आठ दिवस मागितले.

पहिल्यांदा वडिलांचं. आईला विचारलं, बाबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते? "असतील पन्नासेक." कधी गेले? "भूकंप झाला, त्याच्या दुसऱ्या दिवाळीला. वसुबारसेच्या आधी." आमच्या भागात किल्लारीच्या भूकंपानं सगळ्या तारखा बांधलेल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३. त्याच्यानंतरची पहिली दिवाळी त्याच साली, म्हणजे बाबा गेले ते १९९४ च्या दिवाळीत. मी बारा वर्षांचा होतो, जुळलं. मग जन्म. आई म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे तेव्हा बावीस-तेवीसचे होते. मी बाबांच्या शाळेतून त्यांच्या दाखल्याची नक्कल काढली : १ जून १९५०. आता ती १ जून किती खरी, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. अर्ध्या गावाचा जन्म गुरुजींनी १ जूनलाच लावलेला आहे. पण साल दुष्काळाच्या हिशोबाला बसत होतं. म्हणजे बाबा गेले ४४ व्या वर्षी. आईच्या ‘पन्नासेक’मध्ये आणि ४४ मध्ये अर्जाच्या दृष्टीनं फरक आहे, आणि तो माझ्या विरुद्धच जाणारा आहे. तरी ४४ च लिहायचं ठरवलं.

कशानं गेले? आई म्हणाली, "वारं गेलं अंगावरून." म्हणजे पक्षाघात. एक बाजू लुळी पडली, वाचा गेली, तीन दिवस सरकारी दवाखान्यात होते. तेव्हा बीपी होतं का? कुणी तपासलंच नव्हतं. मी अर्जात असं लिहिलं : ‘मृत्यू १९९४, वय ४४ (शाळेच्या दाखल्यावरून, अंदाजे), कारण पक्षाघाताचा झटका, रक्तदाबाचं निदान आधी झालेलं नव्हतं, दवाखान्याचे कागद उपलब्ध नाहीत.’ अंदाज लिहायला काही हरकत नाही. मात्र तो अंदाज आहे आणि कशावरून केला, हे शेजारी लिहावं. आणि कागद नाहीत हेही लिहावं, म्हणजे उद्या कुणी विचारलं की दिले का नाहीत, तर उत्तर अर्जातच असतं.

भावंडांचाही रकाना असतो आणि तो लोक हमखास मोकळा सोडतात. थोरल्या भावाला ४६ व्या वर्षी साखर निघाली होती. त्याला फोन केला तर म्हणाला, "तुझ्या विम्यात माझी साखर कशाला?" दाजींचं सांगितल्यावर त्यानं स्वतःचे पहिले रिपोर्ट शोधून फोटो पाठवले.

औषधांचं सोपं झालं, कारण मी एकाच मेडिकलवरून घेतो. जून २०२१ पासून टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, सकाळी एक. पहिल्या चिठ्ठीवर त्या दिवशीचं बीपी लिहिलेलं होतं, १५२/९८. मधल्या सणासुदीत आठ-दहा दिवस गोळी राहिली होती, दोनदा. तेही लिहिलं. इथं हात थोडा अडखळला, कारण ‘अनियमित’ हा शब्द दाजींच्या कागदावर मी पाहिला होता. पण ‘नियमित’ लिहून मेडिकलच्या बिलांत खंड निघण्यापेक्षा ‘दोनदा, आठ-दहा दिवस’ हे बरं. ‘कधी कधी घेतो’ असं मात्र लिहू नये. त्याचा अर्थ वाचणारा आपल्या मनानं लावतो आणि तो नेहमी वाईटाकडंच लावतो.

राहिली ती रात्र. ऑक्टोबर २०२२, सोयाबीनची आवक जोरात, दिवसभर मोंढ्यात उभा, रात्री अकराला जेवण. दोन वाजता छातीत जळजळ, घाम. बायकोनं आणि शेजाऱ्यानं खासगी दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, हृदयाच्या झटक्याची रक्ततपासणी दोनदा झाली, दोन्ही नॉर्मल. सकाळी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘आम्लपित्त’. मी या रात्रीला ‘दाखल होतो’ असं मनात कधी म्हटलंच नव्हतं, कारण एक रात्रच होती. पण अर्जातल्या तीन वेगवेगळ्या प्रश्नांत ती रात्र बसत होती : छातीत दुखणं किंवा जळजळ कधी झाली का, गेल्या पाच वर्षांत ईसीजी वगैरे तपासण्या झाल्या का, कधी दवाखान्यात निरीक्षणासाठी किंवा उपचारासाठी दाखल झालात का. तिन्हीला ‘हो’. पुढं तारीख, दवाखाना, काय तपासलं, काय निघालं, आणि त्यानंतर पुन्हा त्रास नाही. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि ईसीजीची पट्टी.

नुसतं ‘छातीत दुखलं होतं’ एवढं लिहिलं असतं तर खरंच असतं, पण त्यानं माझंच नुकसान झालं असतं. निदान आणि चाचणीचा निकाल सोबत नसेल तर तपासणारा माणूस ते हृदयाचंच धरणार. अर्धवट खरं सांगितलं तर पुढच्याला उरलेलं अर्धं कल्पनेनं भरावं लागतं.

अर्ज गेला. पंधरा दिवसांत कंपनीनं बीपीची वेगळी प्रश्नावली पाठवली, ती माझ्या डॉक्टरांनी भरली. मग तपासण्या : ताणचाचणी, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड, लघवी, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. ताणचाचणी नॉर्मल आली. साखरेचा आकडा आला ६.० टक्के. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा. मला हे माहीतच नव्हतं. ज्या भावाची साखर लिहिताना मी कुरकुरत होतो, त्याच वाटेवर मी होतो.

कंपनीचं पत्र आलं. पन्नास लाखांचा विमा द्यायला तयार, पण १६,८०० च्या जागी वर्षाला २१,००० हप्ता, मान्य असेल तर सही करा. एजंट हळहळला. वाढीव ४,२०० म्हणजे त्या दिवसांत मोंढ्यातलं साधारण एक क्विंटल सोयाबीन. मी त्याच दिवशी सही केली. जोखीम तपासणाऱ्या माणसानं माझे बाबा, माझी गोळी आणि ती रात्र, तिन्ही बघून आकडा लावलेला होता. उद्या माझ्या बायकोला कुणी असं म्हणू शकणार नाही की आम्हाला माहीत असतं तर दिलीच नसती.

पॉलिसी आली तेव्हा मी सगळ्यात आधी अर्जाची प्रत उघडली, आणि बरं झालं. टॅबवर भरताना दाखल झाल्याच्या प्रश्नाला ‘नाही’ राहिलेलं होतं. डिस्चार्ज कार्ड जोडलेलं, छातीच्या प्रश्नाला ‘हो’, आणि दाखल झालात का याला ‘नाही’. एजंटनं ओटीपी मागितला होता तेव्हा मी ट्रकची पावती बघत होतो आणि आकडे सांगून टाकले होते. टॅबवरच्या अर्जाला तो ओटीपी म्हणजेच सही. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवस ती परत करायची मुभा असते. त्या तीस दिवसांतच मी कंपनीला मेल लिहिला : अमुक प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं पाहिजे, तपशील सोबतच्या कार्डाप्रमाणे. त्यांनी पुन्हा एकदा तपासून दुरुस्तीचं पत्र दिलं, हप्ता तोच ठेवला. ते पत्र पॉलिसीला टाचून ठेवलंय.

मोंढ्यात हे सांगितल्यावर शेतकरी येऊन विचारतात. त्यातल्या एकाची पॉलिसी पीक गेलं त्या वर्षी बंद पडली होती, दोन वर्षांनी त्यानं थकलेले हप्ते भरून चालू केली. त्या वेळी आरोग्याचा एक छोटा कागद सही करून दिला होता, न वाचता. मधल्या काळात त्याला साखर निघालेली. मी त्याला कलम दाखवलं : पॉलिसी पुन्हा चालू केली की तीन वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजतात, आणि तो छोटा कागदही अर्जाइतकाच धरला जातो. तो त्याच दिवशी शाखेत गेला, साखरेची तारीख आणि गोळीचं नाव लिहून पोच घेऊन आला. आरोग्य विम्याचं गणित वेगळं आहे, तिथं ही मुदत सलग पाच वर्षांची आहे आणि सिद्ध झालेली फसवणूक त्यानंतरही चालत नाही. आधीच्या आजारांसाठी थांबायचा काळ मात्र जास्तीत जास्त तीन वर्षंच ठेवता येतो. म्हणजे आजार सांगितला तर फार तर तीन वर्षं थांबावं लागतं.

एक काम राहिलं होतं. दाजींच्या शेवटच्या रात्री अक्काच्या तोंडून निघालेले ते ‘पाच-सहा वर्सं’. मी एका जाड कागदावर लिहिलं : बीपी जून २०२१ पासून, टेल्मिसार्टन ४०, सकाळी एक. ऑक्टोबर २०२२ आम्लपित्त, ईसीजी नॉर्मल. वडील पक्षाघातानं, वय ४४. भावाला साखर, वय ४६ पासून. एक प्रत माझ्या पाकिटात आहे, एक बायकोच्या पर्समध्ये. तिला सांगितलंय, दवाखान्यात कुणी ‘कधीपासून’ म्हणून विचारलं तर आठवत बसू नको, हा कागद पुढं कर. परवा अक्का आली होती. तिनं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "मला बी एक करून दे. माझी थायरॉईडची गोळी कधी चालू झाली, ते बघावं लागंल."